फ्रेम ताणली की भाव कापला जातो: ऑटो लेआउट आणि कन्स्ट्रेंटमधला तुटलेला दुवा शोधताना

रावेर आणि यावल परिसरातल्या केळी उत्पादकांना रोजचे भाव दाखवणाऱ्या एका अ‍ॅपच्या स्क्रीन मी जळगावात बसून फिग्मामध्ये करत होतो. मूळ फ्रेम 360 रुंद आणि 800 उंच होती आणि त्या मापात सगळे अगदी नीट दिसत होते. तीच फ्रेम 412 रुंद केली की उजव्या बाजूला पांढरी पट्टी उरायची, आणि 320 वर आणली की भावाचा शेवटचा आकडा फ्रेमच्या कडेला कापला जायचा. मी ते दुरुस्त करायचो, दोन दिवसांनी दुसरी स्क्रीन जोडायचो आणि तीच अडचण पुन्हा समोर यायची. असे तीन वेळा झाल्यावर मी एकेक लेयर उघडून त्याची मापे कागदावर मांडली, तेव्हा खरे कारण सापडले. ज्यांना हीच अडचण वारंवार येते त्यांच्यासाठी ती तपासणी येथे क्रमाने देत आहे.

320 ची काळजी का करावी, असा प्रश्न पडू शकतो, कारण आज बहुतेक अँड्रॉइड फोन 360 किंवा त्याहून रुंद मापाचे असतात. परंतु ज्यांना बारीक दिसत नाही अशी वडीलधारी मंडळी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरची प्रत्येक गोष्ट मोठी करून ठेवतात, आणि तसे केले की 360 मापाचा फोन अ‍ॅपच्या दृष्टीने अरुंद होऊन 320 च्या आसपास येतो. भाव पाहणाऱ्यांत अशी माणसे पुष्कळ असतात. आमच्या पडद्यावर क्विंटलचा नमुना भाव ₹1,850 असा लिहिला होता आणि अरुंद फोनवर तो ₹1,85 असा दिसला. शेवटचे शून्य जाणे ही केवळ दिसण्यातली चूक नाही, कारण वाचणाऱ्याला आकडाच वेगळा कळतो.

आधी मापे मांडून पाहावीत

आमच्या स्क्रीनवर वर शीर्षपट्टी, मधे भावांच्या कार्डांची यादी आणि तळाशी "भाव कळवा" असे बटण होते. यादी ही उभी ऑटो लेआउट फ्रेम होती. ती डाव्या कडेपासून 16 पिक्सेलवर सुरू होत होती आणि तिची रुंदी 328 होती, म्हणजे 360 च्या फ्रेममध्ये उजवीकडेही बरोबर 16 उरत होते. प्रत्येक कार्ड आडवे ऑटो लेआउट होते. त्यात चारही बाजूंना 12 ची आतली जागा, डावीकडे 56 बाय 56 चा केळीच्या घडाचा फोटो, मधे नावाचा रकाना आणि उजवीकडे भाव होता, आणि या तिघांत 12-12 चे अंतर होते.

फ्रेम 320 वर आणल्यावर यादी 16 वरच सुरू झाली आणि तिची रुंदी 328 च राहिली, म्हणून ती 344 वर संपली. बाहेरच्या फ्रेमवर Clip content चालू असल्यामुळे 320 च्या पुढचे 24 पिक्सेल दिसेनासे झाले. कार्डाची उजवी आतली जागा 12 असल्यामुळे त्यातले पहिले 12 रिकाम्या जागेत गेले, आणि उरलेले 12 भावाच्या शब्दातून गेले. आम्ही वापरलेल्या अक्षराच्या मापात एका अंकाची रुंदी साधारण तेवढीच होती, म्हणून नेमके शेवटचे शून्य गायब झाले. उलट 412 वर यादी 344 लाच थांबली आणि उजवीकडे 16 च्या ऐवजी 68 पिक्सेल मोकळे राहिले.

आता माझी चूक कोठे होती ते सांगतो. मी तिन्ही वेळा कार्डाची रुंदी Fill container केली होती. ते योग्यच होते, परंतु त्याचा उपयोग शून्य होता, कारण Fill याचा अर्थ "माझ्या लगतच्या वडील फ्रेमइतका रुंद हो" एवढाच असतो. कार्डाची लगतची वडील फ्रेम म्हणजे यादी, आणि यादी स्वतः 328 वर अडून बसली होती. बाहेरची स्क्रीन कितीही बदलली तरी ती बातमी कार्डापर्यंत पोहोचतच नव्हती. पाटाचे पाणी मधल्या एका बाऱ्यावर अडले की शेवटच्या वाफ्यात कितीही खणले तरी ते तेथे पोहोचत नाही, तसाच हा प्रकार होता.

म्हणून तपासणी नेहमी बाहेरून आत करावी. बाहेरची फ्रेम निवडावी, मग तिच्या आतली, मग तिच्या आतली, आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा: या लेयरची रुंदी कोण ठरवते? मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर रुंदी बाहेरून आत येते आणि उंची आतून बाहेर जाते. फोन किती रुंद आहे हे आपल्या हाती नसते, म्हणून रुंदी वडिलांकडून घ्यायची, आणि मजकूर किती ओळींचा होईल हे आधी ठाऊक नसते, म्हणून उंची मुलांकडून घ्यायची. ज्या पायरीवर हे उत्तर "कोणीच नाही, हा आकडा कोणीतरी कधीतरी टाकला आहे" असे येते, तेथे दुवा तुटलेला असतो. फोटो, चिन्ह किंवा बटणाची उंची अशा मोजक्या ठिकाणी ठरावीक आकडा हवाच असतो, परंतु तो जाणीवपूर्वक टाकलेला असावा.

कन्स्ट्रेंट कोठे लागू होतो आणि कोठे होत नाही

येथे बहुतेकांचा गोंधळ होतो आणि माझाही झाला होता. ज्या फ्रेमवर ऑटो लेआउट नाही, तिच्या थेट मुलांची जागा कन्स्ट्रेंट ठरवतात. ज्या फ्रेमवर ऑटो लेआउट आहे, तिच्या मुलांची जागा आणि माप ऑटो लेआउट ठरवतो आणि तेथे Fixed, Hug contents आणि Fill container हे तीन पर्याय चालतात. एकाच लेयरवर हे दोन्ही कायदे एकाच वेळी चालत नाहीत.

आमची बाहेरची स्क्रीन साधी फ्रेम होती, तिच्यावर ऑटो लेआउट नव्हता. यादी निवडून मी रुंदीच्या चौकटीत Fill container शोधत होतो आणि तो पर्याय दिसतच नव्हता. तो दिसणार नव्हताच, कारण Fill फक्त ऑटो लेआउटच्या मुलाला मिळतो. यादीला हवा होता तो आडवा कन्स्ट्रेंट: Left and right. नव्या लेयरवर तो आपोआप Left असतो, म्हणजे डावीकडचे अंतर राखले जाते आणि रुंदी आहे तशी राहते. Left and right केल्यावर दोन्ही कडांपासूनचे अंतर राखले जाते आणि मधली रुंदी बदलते.

हा एक बदल केल्यावर 412 वर यादी 380 झाली, 320 वर 288 झाली, आणि कार्डे आधीच Fill असल्यामुळे त्यांच्याबरोबर ताणली आणि आक्रसली. एक बाब मात्र लक्षात घ्यावी. कन्स्ट्रेंट लावताना त्या क्षणी जी अंतरे आहेत तीच राखली जातात. फ्रेम आधीच 412 वर ताणलेली असताना आणि उजवीकडे 68 मोकळे असताना Left and right लावला, तर ते 68 कायमचे राहतील. म्हणून आधी फ्रेम मूळ मापावर आणून मांडणी बरोबर करावी आणि मगच कन्स्ट्रेंट बदलावा.

दुसरे असे की यादीच्या रुंदीच्या चौकटीत यानंतरही Fixed असेच दिसते. त्याने घाबरून जाऊ नये. साध्या फ्रेमच्या आत Fixed आणि Left and right हे एकत्र नांदतात आणि ताणण्याचे काम कन्स्ट्रेंट करतो. तेथे रुंदी Hug contents करू नये, कारण Hug झालेली यादी आतल्या मजकुराकडे पाहील, बाहेरच्या स्क्रीनकडे नाही.

तळाच्या बटणाची गोष्ट याच नियमाने सुटली. ते 48 उंच होते, 728 वर ठेवलेले होते आणि खाली 24 उरत होते. उभा कन्स्ट्रेंट Top असल्यामुळे 568 उंचीच्या फोनवर ते स्क्रीनच्या पूर्ण बाहेर गेले. Bottom केल्यावर ते 496 वर आले आणि खालचे 24 जसेच्या तसे राहिले. पुढे बाहेरच्या स्क्रीनलाही ऑटो लेआउट दिला, तर असे तरंगते बटण रांगेतून वेगळे काढावे लागते. त्या पर्यायाचे नाव काही आवृत्त्यांत Absolute position आणि नव्या आवृत्तीत Ignore auto layout असे दिसते. तो चालू केला की त्या लेयरला कन्स्ट्रेंट पुन्हा मिळतात.

शीर्षपट्टीचा बाण 76 रुंद का झाला

शीर्षपट्टीत मागे जाण्याचा बाण, स्क्रीनचे नाव आणि घंटीचे चिन्ह होते आणि ते तिघे मी Ctrl+G ने एका ग्रुपमध्ये बांधले होते. यादी सुधारल्यावर त्याच उत्साहात मी ग्रुपलाही Left and right दिला आणि फ्रेम 412 केल्यावर 24 रुंदीचा बाण 76 रुंद होऊन चपटा झाला.

कारण असे की ग्रुप ही फ्रेम नसते. ग्रुपला दिलेला कन्स्ट्रेंट त्यातल्या प्रत्येक लेयरला जाऊन लागतो आणि प्रत्येक लेयर आपली अंतरे ग्रुपपासून नव्हे तर बाहेरच्या फ्रेमपासून मोजतो. बाणाने डावीकडचे 16 राखले, उजवीकडचे 320 राखले आणि फ्रेम ज्या 52 पिक्सेलने वाढली ते सगळे स्वतःच्या अंगावर घेतले. 24 अधिक 52 म्हणजे 76. चिन्ह ताणलेले दिसले आणि वाढ नेमकी फ्रेमच्या वाढीएवढी असली, तर हेच कारण असते.

ग्रुप सोडवून त्याच तीन लेयरना Shift+A ने ऑटो लेआउट दिला, बाण आणि घंटी Fixed 24 ठेवले, नाव Fill केले आणि या नव्या पट्टीला बाहेरच्या स्क्रीनमध्ये Left and right दिला. माझे मत असे आहे की ज्या स्क्रीनला एकापेक्षा जास्त मापांत जायचे आहे तिथे ग्रुप वापरूच नये.

Scale या कन्स्ट्रेंटची खूण वेगळी असते. त्यात अंतर आणि माप दोन्ही प्रमाणात वाढतात, म्हणून 16 चे 18.31 होते आणि 56 चे 64.09 होते. मापाच्या चौकटीत असे दशांश दिसले की कोठेतरी Scale राहिला आहे असे समजावे. चित्रकलेच्या पार्श्वभूमीला तो ठीक असतो, मजकूर आणि बटणांना नसतो.

कार्डाच्या आत

आता रुंदी कार्डापर्यंत पोहोचली होती. 360 वर कार्ड 328 रुंद. त्यातून आतली जागा 24, फोटो 56 आणि दोन अंतरांचे 24 वजा केले की 224 उरतात. भावाचा रकाना Hug असून 72 रुंद होता, म्हणून नावासाठी 152 राहिले. 320 वर हेच गणित 112 वर येते आणि 412 वर 204 वर. वाढ-घट पूर्णपणे नावाच्या रकान्यात झाली पाहिजे, म्हणजे नाव Fill आणि भाव Hug. दोन्ही Fill केले तर जागा सारखी वाटली जाते आणि भाव विनाकारण नावापासून दूर, मध्यावर लटकतो.

तरीही "कांदेबाग केळी, मुक्ताईनगर" हे नाव भावाच्या अंगावर जात होते. नावाचा रकाना Fill होता, परंतु त्याच्या आतली मजकुराची लेयर Auto width वर होती. Auto width मजकूर कितीही लांब झाला तरी ओळ मोडत नाही, त्यामुळे 112 च्या रकान्यातून तो बाहेर सांडत होता. म्हणजे दुवा शेवटच्या पायरीवरही तुटलेला होता. मजकुराची रुंदी Fill केली की तो स्वतःहून Auto height होतो आणि ओळ मोडतो.

ओळ मोडली की उंचीचा प्रश्न येतो. कार्डाची उंची मी 80 ठेवली होती, कारण फोटो 56 आणि आतली जागा 24. नाव 24 उंचीच्या दोन ओळींत गेले आणि त्याखाली 20 उंचीची "आज, प्रति क्विंटल" ही ओळ आली की मजकूरच 68 होतो आणि कार्डाला 92 लागतात. उंची Hug केल्यावर कार्ड 92 झाले आणि खालची कार्डे आपोआप 12 ने सरकली, पण तेही यादीची उंचीसुद्धा Hug होती म्हणूनच.

देवनागरीसाठी एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. इंग्रजी मजकुरावर बसवलेली ओळीची उंची मराठीला पुरत नाही. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि ऋकार असल्यामुळे घट्ट ओळीत "कृषी" मधला ऋकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन चिकटतो. 16 च्या अक्षराला मी 24 ठेवतो. मजकुराची चौकट Fixed ठेवून उंची कमी पडली तर तो चौकटीबाहेर जाऊन खालच्या मजकुरावर चढतो, म्हणून कार्डातल्या कोणत्याही मराठी मजकुराची उंची ठरावीक ठेवू नये.

एक मर्यादा मात्र ऑटो लेआउटने सुटत नाही. मागाहून मागणी आली की एकच भाव न दाखवता "₹1,850 ते ₹2,100" असा पल्ला दाखवावा. हा मजकूर 144 रुंद झाला आणि 320 वर नावाला 184 मधून फक्त 40 उरले. इतक्या जागेत "मुक्ताईनगर" हा शब्द मधेच तुटतो. नावाच्या रकान्याला Min width 96 दिली तर शब्द वाचतो, परंतु तेव्हा भाव कार्डाबाहेर जातो. किमान रुंदी जागा निर्माण करत नाही, ती फक्त तुटवडा दुसऱ्याच्या अंगावर टाकते. उपाय मांडणी बदलण्याचाच होता: पल्ला असलेल्या कार्डात भाव नावाखाली दुसऱ्या ओळीत घेतला. टॅबलेटच्या 768 रुंदीलाही हेच लागू होते. तेथे कार्ड 736 होते, नावाला 560 मिळतात आणि नाव वाचून भावापर्यंत जाताना डोळा ओळ चुकतो. त्यासाठी स्वतंत्र फ्रेम केली, कारण कन्स्ट्रेंट मांडणी ताणू शकतात, नवी मांडणी सुचवू शकत नाहीत.

दुरुस्त केलेले पुन्हा का बिघडते

या प्रश्नाने मला सर्वांत जास्त छळले, आणि त्याला तीन कारणे निघाली.

पहिले कारण हाताची सवय. Fill किंवा Hug असलेल्या लेयरची कड माउसने जराशी जरी ओढली, तरी त्या दिशेचे माप गुपचूप Fixed होते. पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, कारण त्या क्षणी आकडा बरोबरच असतो. बिघाड पुढच्या वेळी फ्रेम ताणल्यावर दिसतो.

दुसरे कारण म्हणजे Hug आणि Fill यांची एकाच दिशेतली ओढाताण. वडील म्हणतो मी मुलाएवढा होतो, मूल म्हणते मी वडिलाएवढे होते, आणि मग रुंदी कोणीच ठरवत नाही. अशा वेळी फिग्मा दोघांपैकी एकाला Fixed करून टाकते. मुलाला Fill दिले तर Hug असलेला वडील Fixed होतो. वडिलाला Hug दिले तर Fill असलेली मुले Fixed होतात. एकदा यादीची उंची Hug करताना माझा हात चुकून रुंदीवर पडला होता, आणि मी लगेच रुंदी परत बदलली तरी सगळी कार्डे तोवर Fixed 328 होऊन बसली होती. म्हणून असा बदल उलटवायचा असेल तर पर्याय परत निवडू नये, Ctrl+Z करावे.

तिसरे कारण दुरुस्तीच्या जागेचे. मी कार्डाच्या एका प्रतीवर दुरुस्ती करत होतो आणि मूळ कंपोनंट तसाच होता. नवीन स्क्रीनवर प्रत ओढली की ती मूळ दोषासह यायची. मजकुराचे Auto width मूळ कंपोनंटमध्ये सुधारल्यावर पुढच्या प्रती नीट आल्या, परंतु ज्या जुन्या प्रतींची रुंदी मी हाताने बदलली होती, त्या प्रत्येकीला पुन्हा Fill करावे लागले.

तपासण्याची पद्धतही अचूक हवी. फ्रेम निवडून तिच्या रुंदीत 320, मग 360, मग 412 असे आकडे टाकावेत. K दाबून मिळणाऱ्या Scale साधनाने फ्रेम मोठी करू नये, कारण त्यात अक्षरांसकट सगळे प्रमाणात वाढते आणि तुटलेली मांडणीही निर्दोष दिसते. कड ओढून पाहायची असेल तर Ctrl दाबलेले नसावे, कारण त्याने कन्स्ट्रेंट दुर्लक्षिले जातात आणि नसलेला दोष दिसतो. नमुना मजकूरही सर्वांत लांब घ्यावा. "यावल" लिहून तपासलेले कार्ड "मुक्ताईनगर" आल्यावर काय करील हे त्यातून कळत नाही.

आता 320 च्या फ्रेममध्ये कार्ड 288 रुंद आणि 92 उंच आहे, नाव दोन ओळींत आहे आणि उजव्या कडेपासून 28 पिक्सेल आत ₹1,850 पूर्ण दिसतो.